गेमिंग अ‍ॅप बुडालं तर वॉलेटमधल्या पैशाचं काय होतं? ‘वेगळ्या खात्यात ठेवलेत’ म्हणजे नेमकं किती सेफ?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदी आणणारा कायदा संसदेत पास झाला आणि दोन-तीन दिवसांत मोठमोठ्या अ‍ॅप्सनी पैशाचे गेम बंद केले, तेव्हा आमच्या नवी पेठेतल्या ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न. मी अकाउंट्सचं काम करतो, त्यामुळे पैशाचं काही अडलं की लोक येतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची बिलं घेऊन येणारा पोरगा, त्यानं बिलं टेबलावर ठेवायच्या आधी मोबाईल पुढं केला. “सर, ह्यात चाळीस हजार हायत, निघतील का बुडाले?” मी बघितलं, मोठं अ‍ॅप होतं, विड्रॉल चालू होता. म्हटलं आत्ताच्या आत्ता काढ. आले त्याचे पैसे. टीडीएस कापून आले, पण आले.

मग त्यानं दुसरं अ‍ॅप उघडलं. ते बाहेरच्या देशातलं. तिथं लिहिलेलं होतं की खेळाडूंचे पैसे आम्ही सेग्रिगेटेड अकाउंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवतो. हा शब्द बघून त्याला वाटत होतं की इथले पैसे तर बँकेत ठेवल्यासारखे सेफ. इथंच बहुतेक लोक फसायलेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. कायद्यानं आता आपल्याकडं पैसे लावून खेळायचे गेम चालवायलाच बंदी आहे, त्यामुळे खेळावं की नाही हा प्रश्न इथं नाही. ज्यांचे पैसे आधीच कुठंतरी अडकलेत किंवा अडकतील असं वाटतंय त्यांनी काय बघायचं, कुठल्या क्रमानं करायचं, एवढंच.

आधी हे बघा, स्क्रीनवरचा आकडा म्हणजे काय

वॉलेटमध्ये ४०,००० दिसतात म्हणजे तुमचे ४०,००० कुठंतरी तुमच्या नावानं ठेवलेत असं नसतं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा विमा असतो, बँक बुडाली तर तेवढे मिळतात. गेमिंग वॉलेटला असलं काहीही नाही. तो आकडा म्हणजे कंपनी तुम्हाला एवढं देणं लागते अशी कंपनीच्याच सर्व्हरवर केलेली नोंद. थोडक्यात तुम्ही कंपनीचे घेणेकरी, आणि तुमच्याकडं तारण काही नाही.

कंपनी बुडाली की घेणेकऱ्यांची रांग लागते आणि रांगेत कोण कुठं उभं राहणार हे कायदा ठरवतो. आपल्याकडं २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातलं कलम ५३ ही रांग सांगतं. सगळ्यात आधी ही सगळी प्रक्रिया चालवायचा खर्च, मग कामगारांचे पगार आणि तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका, मग बाकीच्या कर्मचाऱ्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारची देणी, आणि त्याच्यानंतर ‘उरलेली देणी’. साधा खेळाडू ह्या उरलेल्यांत. तिथपर्यंत सहसा काही पोचत नाही.

पण ह्याच कायद्यात कलम ३६ आहे आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनीकडं जे पैसे दुसऱ्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवलेले असतात ते कंपनीची मालमत्ता धरायचेच नाहीत, ते रांगेत वाटायला येतच नाहीत. इंग्लंडातसुद्धा हेच तत्त्व आहे. म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नावर येतो, पैसे फक्त वेगळ्या खात्यात आहेत का ट्रस्टमध्ये आहेत?

वेगळं खातं आणि ट्रस्ट, फरक कुठं पडतो

भिशीचं उदाहरण घ्या. भिशी चालवणाऱ्यानं सगळ्यांचे पैसे घरखर्चाच्या पैशात न मिसळता वेगळ्या डब्यात ठेवले, चांगली गोष्ट आहे, पण डबा त्याच्याच कपाटात आणि किल्ली त्याच्याच खिशात. उद्या त्याच्या घरावर जप्ती आली तर डबा पण जातो. आता तोच डबा तिसऱ्या माणसाकडं दिला आणि कागदावर लिहिलं की हे पैसे भिशीवाल्यांचेच, चालवणाऱ्याचा ह्यावर हक्क नाही, तर जप्तीवाल्यांना त्याला हात लावता येत नाही.

नुसतं सेग्रिगेशन म्हणजे पहिला डबा. कंपनी चालू असताना ह्याचा उपयोग होतो, ऑफिसच्या भाड्यात आणि जाहिरातीत खेळाडूंचे पैसे चुकून जात नाहीत. पण कंपनी बुडाली की ते खातं कंपनीच्या नावावरचं म्हणून कंपनीचंच.

ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशननं हा फरक लोकांना कळावा म्हणून तीन पातळ्या केल्यात आणि लायसन्स असलेल्या प्रत्येक कंपनीला आपण कुठल्या पातळीवर आहोत ते अटींमध्ये लिहावंच लागतं. सगळ्यात खालची पातळी, पैसे वेगळ्या खात्यात आहेत पण कंपनी बुडाली तर संरक्षण नाही. मधली पातळी, बुडाल्यावर पैसे खेळाडूंना मिळावेत म्हणून काहीतरी सोय केलेली आहे, उदाहरणार्थ विमा. वरची पातळी, पैसे कायद्यानं आणि प्रत्यक्षातही कंपनीपासून तोडलेले, ट्रस्ट खात्यात, आणि त्यावर बाहेरच्या स्वतंत्र माणसाचं किंवा ऑडिटरचं लक्ष. म्हणजे ब्रिटनसारख्या कडक ठिकाणीसुद्धा कंपनी उघडपणे लिहू शकते की आम्ही बुडालो तर तुमचे पैसे सुरक्षित नाहीत, आणि ते बेकायदा नाही. नियम एवढाच की लपवू नका.

आकड्यात बघू म्हणजे डोक्यात बसेल

एक काल्पनिक कंपनी घ्या. खेळाडूंचं देणं १०० कोटी. खेळाडूंच्या वेगळ्या खात्यात प्रत्यक्षात ६० कोटीच आहेत. बाकीची मालमत्ता विकून २० कोटी येतील. एका बँकेचं ८० कोटींचं कर्ज, सगळ्या मालमत्तेवर तारण. दिवाळखोरीच्या प्रक्रियेचा खर्च ५ कोटी. पगाराची थकबाकी नाही असं धरू, हिशोब सोपा राहतो. आणि आपल्या पोराचे त्यात ४०,००० आहेत.

नुसतं वेगळं खातं असेल तर ६० आणि २० एकत्र होतात, ८० कोटी. त्यातून ५ खर्चाला गेले, राहिले ७५, आणि बँकेचेच ८० येणं आहे. बँक सगळे घेऊन गेली तरी तिचेच ५ कमी पडतात. पोराला शून्य. ‘सेग्रिगेटेड’ लिहिलेलं होतं, खातं खरंच वेगळं होतं, कुणी खोटं बोललं नाही, तरी शून्य.

आता तेच खातं पक्क्या ट्रस्टमध्ये असेल तर ६० कोटी वाटणीतून बाहेर. ते खेळाडूंनाच, पण देणं १०० चं आहे म्हणून रुपयाला साठ पैसे. पोराला २४,००० मिळतील, ट्रस्ट सांभाळायचा आणि वाटपाचा खर्च त्यातून गेला तर थोडे कमी. राहिलेल्या १६,००० साठी तो परत त्या रांगेच्या शेवटी.

आणि ट्रस्टमध्ये पूर्ण १०० कोटी असतील तरच ४०,००० पूर्ण मिळतात.

म्हणजे दोन गोष्टी लागतात, ट्रस्ट पाहिजे आणि त्यात पूर्ण पैसे पाहिजेत. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, ऑडिटर किंवा रेग्युलेटर नियमित तपासत असेल तरच कळते. जगातलं एक फार मोठं प्रकरण ह्या दुसऱ्या गोष्टीवरूनच झालं.

फुल टिल्ट पोकर, २०११

जगातल्या मोठ्या पोकर साईटपैकी एक. लायसन्स इंग्लिश खाडीतल्या अल्डर्नी बेटाचं. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारनं तीन मोठ्या पोकर साईटवर गुन्हे दाखल केले, पोकरवाले त्या दिवसाला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. त्यातल्या पोकरस्टार्सनं अमेरिकेतल्या खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले. फुल टिल्टला जमेना. जूनअखेर अल्डर्नीनं लायसन्स सस्पेंड केलं आणि सप्टेंबरमध्ये काढूनच घेतलं.

सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकन सरकारनं कोर्टात जे मांडलं ते असं. ३१ मार्च २०११ ला कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. खेळाडूंना सांगितलेलं की पैसे सुरक्षित आहेत, कधीही काढा. आणि दुसरीकडं एप्रिल २००७ पासून मालकांना आणि संचालकांना ४४ कोटी डॉलरच्या आसपास वाटलेले.

अजून एक भानगड होती, आणि अकाउंट्सवाल्या माणसाला ही जास्त बोचते. अमेरिकेत बँकांकडून पैसे घेणं अवघड झाल्यावर कंपनीनं काय केलं, खेळाडूनं डिपॉझिट टाकलं की त्याच्या खात्याला रक्कम दाखवायची, पण बँकेतून ती वसूलच करायची नाही, कारण करायला वाटच नव्हती. त्या न आलेल्या पैशावर लोक खेळले, हरले, जिंकणाऱ्याच्या वॉलेटमध्ये ते जमा झाले. अशा न आलेल्या पैशाचा खड्डाच १३ कोटी डॉलरच्या आसपास पडला. स्क्रीनवर आकडे बरोबर, बेरीज बरोबर, फक्त पैसे कधी आलेच नाहीत. सर्व्हरवरची नोंद आणि बँकेतला पैसा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी वर म्हटलं ते ह्याच्यासाठी.

खेळाडूंना शेवटी पैसे मिळाले, पण कुठल्या नियमामुळे नाही. जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सनं अमेरिकन सरकारशी ७३.१ कोटी डॉलरची तडजोड केली, फुल टिल्टची मालमत्ता घेतली, आणि त्यातले १८.४ कोटी अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना परत द्यायला ठेवले. बाहेरच्यांना नोव्हेंबर २०१२ मध्ये खाती उघडून मिळाली. अमेरिकेतल्यांना क्लेम भरावा लागला आणि पहिला हप्ता फेब्रुवारी २०१४ ला आला, जवळजवळ तीन वर्षांनी. श्रीमंत प्रतिस्पर्धी पुढं आला नसता तर ह्यातलं किती परत आलं असतं ते ३९ कोटी देणं आणि बँकेत ६ कोटी हे वरचे दोन आकडेच सांगतात.

फुटबॉल इंडेक्स, २०२१, इथं ट्रस्ट होता तरी लोक बुडाले

ही ब्रिटनमध्ये धंदा करणारी कंपनी, बेटइंडेक्स नावाची. लायसन्स ब्रिटिश गॅम्बलिंग कमिशनचं. फुटबॉलपटूंचे ‘शेअर’ घ्यायचे आणि तो फुटबॉलपटू चांगला खेळला की ‘डिव्हिडंड’ मिळायचा. दिसायला शेअर बाजार, पण कायद्यानं तो प्रत्येक शेअर म्हणजे एक लांब मुदतीची पैज. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं डिव्हिडंड एकदम कमी केले, भाव कोसळले, ११ मार्चला लायसन्स सस्पेंड झालं आणि महिनाअखेर कंपनी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे बुडालेली कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या हातात गेली.

इथं पैसे लावणाऱ्यांच्या रोख पैशासाठी ट्रस्ट खातं होतं. पण ते होतं फक्त वॉलेटमध्ये पडून असलेल्या रोखीसाठी. ज्यांनी पैसे लावून शेअर घेतलेले, म्हणजे ज्यांची पैज चालू होती, ते पैसे ट्रस्टच्या बाहेर. लोकांच्या अशा अडकलेल्या पैजा ९ कोटी पौंडांच्या आसपास असल्याचं तेव्हा सगळीकडं छापून आलं. ट्रस्टच्या खात्यावर कुणाचा हक्क हे ठरवायलासुद्धा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला हायकोर्टात जावं लागलं. पुढं ब्रिटिश सरकारनं स्वतंत्र चौकशी लावली, त्याचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला.

ह्यातून घ्यायचं ते असं की संरक्षण ‘बॅलन्स’ला असतं, लावलेल्या पैशाला नसतं. तुम्ही पैज लावली त्या क्षणी तो पैसा तुमच्या बॅलन्समधून निघतो. त्यामुळे अ‍ॅप डळमळायला लागलं असं वाटलं तर लांब मुदतीच्या पैजा, पुढच्या महिन्याच्या स्पर्धेची एन्ट्री, असलं काही उघडं ठेवू नका, कॅन्सल होत असेल तर कॅन्सल करून रोखीत आणा.

आता तुमच्या अ‍ॅपवर हे तपासा

पहिलं काम, स्क्रीनवरचा एकूण आकडा फोडा. पोराच्या दुसऱ्या अ‍ॅपवर ४६,५०० दिसत होते. फोडून बघितल्यावर त्यात १८,००० त्यानं टाकलेले, २२,००० जिंकलेले, ४,००० बोनस आणि २,५०० एका चालू स्पर्धेत. बोनस काढता येत नाही, तो पैसाच नाही, कंपनी बुडाली की शून्य. चालू स्पर्धेचं वर सांगितलं. राहिले ४०,०००, तोच खरा क्लेम.

दुसरं, कंपनीचं कायदेशीर नाव शोधा. अ‍ॅपचं नाव वेगळं आणि कंपनी वेगळी असते. साईटच्या अगदी तळाला बारीक अक्षरात कंपनीचं नाव, देश आणि लायसन्स नंबर असतो. तो नंबर त्या अ‍ॅपवरच्या लिंकवरून तपासू नका, त्या देशाच्या रेग्युलेटरच्या साईटवर स्वतः जाऊन नाव टाका. तिथं कंपनी नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, सेग्रिगेशन वगैरे नुसतं लिहिलेलं आहे. भारतीय कंपनी असेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या साईटवर नाव टाकलं की ती चालू आहे का बंद, ते दिसतं.

तिसरं, अटींमध्ये पैशाबद्दलचा परिच्छेद शोधा. तिथं ‘सेग्रिगेटेड’ नंतर काय लिहिलंय ते बघायचं. ट्रस्ट आहे का, ट्रस्टी कोण, कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय होईल हे स्पष्ट लिहिलंय का. ‘तुमचे पैसे स्वतंत्र खात्यात सुरक्षित आहेत’ एवढंच लिहून दिवाळखोरीचा शब्दही नसेल तर खालची पातळी समजा.

चौथं, आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं, पैसे टाकताना यूपीआयवर कुणाचं नाव येत होतं ते आठवा किंवा बँक स्टेटमेंट काढून बघा. पोराचं स्टेटमेंट काढलं तर प्रत्येक वेळी वेगळं नाव, कधी कुठले ट्रेडर्स, कधी किराणा, कधी नुसतं एका माणसाचं नाव. “सर, ह्यातला एक पण कंपनीचा नाय की,” तो म्हणाला. बरोबर. ही भाड्यानं घेतलेली खाती असतात. पैसे कंपनीच्याच खात्यात जात नाहीत तर कंपनीच्या ‘वेगळ्या खात्यात’ कुठून जाणार? असं दिसलं की ट्रस्ट, पातळ्या, कलम ३६ सगळं विसरा. आणि उलट बाजूनं पण त्रास आहे, अशा खात्यातून तुम्हाला विड्रॉल आला आणि ते खातं कुठल्या फसवणुकीच्या तक्रारीत निघालं तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम गोठवू शकते. पगाराचं खातं असेल तर महिन्याचा किराणा अडकतो.

डळमळायला लागलं हे कसं ओळखायचं

विड्रॉलचा वेळ वाढत जातो, आधी तासाभरात यायचे ते आता ‘७२ तासात’. मग अचानक नवी मर्यादा, दिवसाला अमुकच काढा. झालेली केवायसी परत मागतात. विड्रॉल कॅन्सल केला तर बोनस देतो म्हणतात, हे सगळ्यात वाईट लक्षण, कारण ज्या कंपनीकडं पैसे आहेत तिला तुम्ही विड्रॉल कॅन्सल करण्याची गरज पडत नाही. ह्यातलं एखादं दिसलं तर तांत्रिक कारण असू शकतं, दोन-तीन एकत्र दिसले की वाट बघायची नाही.

विड्रॉल चालू असेल तोवर काढा, आणि एकदम सगळी रक्कम अडकत असेल तर मर्यादेतल्या छोट्या रकमा रोज काढा. टीडीएसचा विचार करून थांबू नका. भारतीय अ‍ॅपवर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कापतात, एप्रिल २०२३ पासून. वरच्याच आकड्यावर बघा, १८,००० टाकून ४०,००० काढले आणि वर्षात दुसरं काही नसेल तर २२,००० वर ६,६०० कापून ३३,४०० हातात येतात. आणि हा टॅक्स पैसे काढताना त्यातूनच कापला जातो. ‘आधी टॅक्स भरा मग विड्रॉल सोडतो’ असं कुणी म्हणत असेल तर तो टॅक्स नाही, ती लूट आहे, एक रुपया टाकू नका.

त्याच दिवशी पुरावे काढून ठेवा, कारण साईट बंद झाली की काही दिसत नाही. अ‍ॅपमधलं पूर्ण ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट डाउनलोड, बॅलन्सचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, त्या दिवशीच्या अटींची पूर्ण कॉपी (ह्या अटी रातोरात बदलतात), बँक स्टेटमेंटवरचे यूटीआर म्हणजे व्यवहाराचे नंबर, आणि सपोर्टशी झालेला सगळा मेल. चॅटवर बोलण्यापेक्षा मेल करा, लेखी राहतं. हे सगळं मोबाईलवर नुसतं ठेवू नका, मेलवर स्वतःला पाठवून ठेवा.

बुडालीच तर

भारतीय कंपनी दिवाळखोरीत गेली की एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण, ही प्रक्रिया चालवायला एक रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमते आणि तो जाहीर घोषणा करतो, पेपरात आणि आयबीबीआय ह्या दिवाळखोरी मंडळाच्या साईटवर. क्लेम कुठं पाठवायचा, कुठला फॉर्म, शेवटची तारीख कुठली, सगळं त्यात असतं. प्रोफेशनल नेमल्यापासून साधारण १४ दिवस देतात. उशीर झाला तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत पाठवायची सोय आहे, पण तेवढं ताणू नका. फॉर्मबरोबर वरचेच पुरावे लागतात. क्लेममध्ये बोनस धरू नका, नाकारला जातो आणि बाकीच्यावर पण प्रश्न येतात. तुमचे पैसे ट्रस्टमध्ये होते असं अटींमध्ये असेल तर ते वाक्य तारखेसह क्लेममध्ये लिहा आणि स्पष्ट म्हणा की ही रक्कम कंपनीची मालमत्ता नाही, मला रांगेत नको, माझी रक्कम वेगळी द्या.

कंपनी दिवाळखोरीत गेलेली नाही, फक्त पैसे देईना, तर मग कोर्ट. इथं आपल्या कायद्यातली एक जुनी भिंत आडवी येते. १८७२ च्या कराराच्या कायद्यातलं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार निरर्थक, पैजेत जिंकलेले पैसे किंवा पैजेच्या निकालावर कुणाकडं ठेवलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. आणि आपल्या जुन्या मुंबई प्रांतात १८६५ चा अजून एक कायदा, त्यानं पैजेला धरून केलेले आजूबाजूचे करार पण निरर्थक ठरतात, म्हणजे महाराष्ट्रात हे बाकी काही राज्यांपेक्षा कडकच. रमीसारख्या खेळाला सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच कौशल्याचा खेळ म्हटलेलं, त्यामुळे तिथं ही पैज नव्हतीच असं म्हणायला जागा राहते. क्रिकेटच्या सरळ सट्ट्यात नाही. न वापरलेल्या डिपॉझिटची गोष्ट जिंकलेल्या पैशापेक्षा वेगळी, ते पैजेवर लागलेलंच नाही, म्हणून वकिलाकडं जाल तेव्हा हे दोन आकडे वेगळे घेऊन जा. आपल्या उदाहरणात १८,००० आणि २२,००० वेगळे. वकील आधी पहिल्या आकड्याबद्दल बोलेल. आणि एवढ्या रकमेसाठी वकिलाची फी किती होते ते पण आधीच विचारा.

बाहेरच्या देशातली साईट असेल आणि पैसे भाड्याच्या खात्यांतून गेलेले असतील तर कोर्टाआधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, तेही लगेच, कारण पैसे पुढं सरकायच्या आत बँकेत अडवले तरच हाती लागतात. महिन्यानं गेलात तर नोंद होते, पैसे बहुतेक गेलेले असतात. २०२५ च्या कायद्यात शिक्षा गेम चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची वाट करून देणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे आपल्यालाच आत टाकतील ह्या भीतीनं गप्प बसायचं कारण नाही. घरात कळेल म्हणून गप्प बसणारे पण खूप आहेत, त्यांना एवढंच सांगतो की तक्रारीला उशीर झाला की रक्कम घरच्यांपासून लपत नाही, फक्त परत यायची शक्यता जाते.

एक सावधगिरी. मोठं अ‍ॅप बुडालं की आठवड्याभरात टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणारे येतात. त्यांच्याकडं तुमचा नंबर, नाव, कधी कधी नेमका बॅलन्स पण असतो, म्हणून खरे वाटतात. हा डेटा बुडालेल्या अ‍ॅपमधूनच विकला गेलेला असू शकतो. खरा रिझोल्यूशन प्रोफेशनल क्लेम घ्यायला पैसे मागत नाही, त्याचा नोंदणी नंबर आयबीबीआयच्या साईटवर तपासता येतो.

आणि क्लेम भरल्यावर तो मेल आयडी, तो मोबाईल नंबर आणि ते बँक खातं बंद करू नका, नंबर पोर्ट केला तरी चालेल पण तोच ठेवा, कारण सगळा पत्रव्यवहार त्याच्यावरच येतो आणि वर्षानुवर्षं येत राहतो. ब्लॅक फ्रायडेच्या त्या तीन साईटपैकी अ‍ॅब्सोल्यूट पोकरच्या खेळाडूंना क्लेम भरायची संधी मिळाली ती २०१७ मध्ये, सहा वर्षांनी.